तिकीट काढण्यापूर्वी : लसीकरण प्रमाणपत्र आणि आरोग्यविषयक प्रवेशनियम मार्गावरून कसे तपासावेत

परदेशप्रवासाची तयारी करताना बहुतेक जण आधी तिकीट काढतात, मग व्हिसाचे पाहतात आणि लसीचा विचार निघायला दोन-तीन आठवडे उरले की करतात. बऱ्याच देशांच्या बाबतीत हा क्रम चालून जातो. पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, प्रमाणपत्राच्या बाबतीत मात्र तो उलटा ठरतो, कारण तेथे नियम केवळ तुम्ही कोणत्या देशात जाणार यावर अवलंबून नसतो. तुम्ही त्या देशात कोठून आणि कोणत्या वाटेने पोहोचणार यावरही तो ठरतो. ती वाट तिकिटात लिहिलेली असते. म्हणजे एकाच शहराला जाणाऱ्या दोन तिकिटांपैकी एकावर प्रमाणपत्र लागते आणि दुसऱ्यावर लागत नाही, असे सहज घडू शकते. या लेखात प्रामुख्याने पीतज्वराच्या प्रमाणपत्राचाच विचार केला आहे. जगभरच्या प्रवाशांकडे सीमेवर लसीचा जो एक पुरावा सातत्याने मागितला जातो तो हाच, आणि त्याची तपासणी नीट जमली की इतर आजारांचे नियम तपासणे फारसे अवघड जात नाही.

नियमामागचा विचार

पीतज्वर डासांमार्फत पसरतो. आफ्रिका आणि दक्षिण व मध्य अमेरिका या भागांतील काही देशांत त्याचा विषाणू आढळतो. तो शहरांत पसरवणारा एडीस जातीचा डास मात्र जगाच्या फार मोठ्या उष्ण पट्ट्यात आहे. ज्या देशात हा डास आहे पण विषाणू नाही, त्या देशाला खरी भीती असते ती विषाणू अंगात घेऊन उतरणाऱ्या प्रवाशाची. असा एक प्रवासी स्थानिक डासांना चावू देण्याइतका काळ राहिला, तर साखळी सुरू होऊ शकते. म्हणूनच प्रमाणपत्र मागणाऱ्या देशांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. काही देश कोणत्याही देशातून येणाऱ्या प्रवाशाकडे ते मागतात. दुसरा गट फक्त पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून येणाऱ्यांकडे मागतो, आणि गोंधळ उडतो तो या दुसऱ्या गटामुळे. तुम्ही मूळचे कोठले आहात, पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे, याला तेथे महत्त्व नसते. अलीकडच्या दिवसांत तुमचे पाय कोणत्या भूमीवर होते, एवढेच पाहिले जाते.

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली, 2005 ही या साऱ्याची चौकट आहे. तिच्यानुसार पीतज्वराचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी वैध होते, आणि 11 जुलै 2016 पासून ते लस घेतलेल्या व्यक्तीच्या हयातीपर्यंत वैध धरले जाते. प्रमाणपत्र नसलेल्या प्रवाशाला एखादा देश विलगीकरणात ठेवू शकतो, पण त्यालाही मर्यादा आहे : प्रमाणपत्र वैध होईपर्यंत किंवा संसर्गाची शेवटची शक्यता होती त्या दिवसापासून 6 दिवस पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर. सहा दिवसांचा हा आकडा रोगाच्या उबवणकाळावरून आलेला आहे. 10, 6 आणि विमानतळावरच्या थांब्यासाठीचे 12 तास, हे तीन आकडे लक्षात ठेवले तर पुढचा सगळा हिशेब करता येतो.

पहिली पायरी : मार्ग कागदावर मांडणे

तिकिटांच्या संकेतस्थळावर एखादा पर्याय पसंत पडला की पैसे भरण्याआधी तो प्रवास ओळीओळीने कागदावर उतरवावा. प्रत्येक ओळीत विमान ज्या देशात टेकते तो देश, तेथे पोहोचण्याची तारीख व वेळ, आणि तेथून निघण्याची तारीख व वेळ लिहावी. परतीचा प्रवासही तितक्याच काटेकोरपणे लिहावा, कारण तुमचा स्वतःचा देशही परतताना प्रमाणपत्र मागू शकतो. हे लोकांच्या ध्यानातच येत नाही.

हे लिहिताना तीन ठिकाणी चूक होते. पहिली चूक विमान न बदलता होणाऱ्या थांब्याची. एकाच क्रमांकाचे विमान मध्ये एखाद्या विमानतळावर प्रवासी उतरवण्या-चढवण्यासाठी थांबते, आणि तिकिटावर तो थांबा बारीक अक्षरांत ‘1 स्टॉप’ असा असतो किंवा तपशील उघडल्याशिवाय दिसतच नाही. तो देशही तुमच्या कागदावर यायला हवा.

दुसरी चूक वेगवेगळी तिकिटे जोडण्याची. स्वस्त पडते म्हणून दोन कंपन्यांची स्वतंत्र तिकिटे घेतली, तर मधल्या विमानतळावर सामान स्वतः ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावे लागण्याची शक्यता असते, आणि त्यासाठी इमिग्रेशन ओलांडावे लागते. इमिग्रेशन ओलांडले, पासपोर्टवर प्रवेशाचा शिक्का बसला, की तो थांबा केवळ विमानबदल राहत नाही. तुम्ही त्या देशात प्रवेश केलेला असतो, मग तेथे तुम्ही तीनच तास असलात तरी. थांबा लांब आहे म्हणून विमान कंपनीने हॉटेल दिले आणि तुम्ही शहरात झोपायला गेलात, तरी तेच लागू होते.

तिसरी चूक वेळेच्या बेरजेची. थांब्याचे तास एका विमानाच्या पोहोचण्यापासून दुसऱ्याच्या सुटण्यापर्यंत, त्याच विमानतळाच्या स्थानिक वेळेने मोजावेत. रात्री 9:40 ला पोहोचून दुसऱ्या दिवशी सकाळी 10:15 ला निघणारे विमान पाहिले की ‘एक रात्र’ एवढेच डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ते 12 तास 35 मिनिटे असतात, म्हणजे अनेक देशांनी घातलेली 12 तासांची रेषा तुम्ही ओलांडलेली असते.

दुसरी पायरी : प्रत्येक ओळीला दोन प्रश्न

कागद तयार झाला की प्रत्येक देशापुढे दोन उत्तरे लिहायची असतात. हा देश पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे का? आणि हा देश माझ्याकडे प्रमाणपत्र मागेल का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांच्या याद्याही वेगळ्या आहेत. धोका असलेला देश स्वतः प्रमाणपत्र न मागणारा असू शकतो, आणि रोगाचा मागमूस नसलेला देश ते सक्तीने मागणारा असू शकतो.

याशिवाय तिसरी एक गोष्ट याच पानावर छापलेली असते आणि तिच्यामुळे फसगत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या देशवार माहितीत ‘देशाची प्रवेशासाठीची अट’ आणि ‘प्रवाशांसाठी लसीची शिफारस’ हे दोन स्वतंत्र भाग असतात. शिफारस तुमच्या प्रकृतीच्या रक्षणासाठी असते, अट ही त्या देशाच्या रक्षणासाठी. ‘या भागासाठी लस सुचवलेली नाही’ हे वाक्य वाचून प्रमाणपत्र लागणार नाही असा निष्कर्ष काढणे, ही माझ्या पाहण्यातली सर्वांत वारंवार होणारी चूक आहे.

अटीचे वाक्य वाचताना त्यातील चार तुकडे वेगळे करून पाहावेत : किती वयापासून, कोणत्या देशांतून येणाऱ्यांना, विमानतळावरील थांबा धरला आहे का, आणि धरला असल्यास किती तासांपुढचा. वयाची मर्यादा काही देशांत 9 महिने, तर काहींत 1 वर्ष असते. थांब्याबाबत काही देश 12 तासांची सूट देतात, काही मिनिटाचीही देत नाहीत. एकाच वाक्यात हे सारे कोंबलेले असते, म्हणून ते घाईत वाचू नये.

तिसरी पायरी : कोणाचे म्हणणे अंतिम मानायचे

तीन ठिकाणी पाहावे, आणि याच क्रमाने. आधी ज्या देशात जायचे आहे त्याच्या आरोग्य खात्याचे किंवा दूतावासाचे अधिकृत पान. नियम करणारा तोच असतो. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेची देशवार यादी, कारण धोका असलेले देश कोणते हे ठरवताना बरेच देश तिचाच आधार घेतात, पण सर्व देश घेत नाहीत. काहींची स्वतःची यादी असते आणि ती अधिक लांब असू शकते. शेवटी टिमॅटिक. ही विमान वाहतूक संघटनेची माहितीप्रणाली चेक-इन काउंटरवरचा कर्मचारी वापरतो. अटी पूर्ण नसलेला प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर पडू शकते, त्यामुळे बोर्डिंग पास देण्याआधी कर्मचारी आपल्या पडद्यावर जे लिहिले आहे तेच पाहतो. तुमच्याजवळ दूतावासाचे वेगळे म्हणणारे पान असेल, तर वादात जाणारा वेळ तुमचा असतो, विमान त्यासाठी थांबत नाही. बऱ्याच विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर प्रवासाची कागदपत्रे तपासण्याची जी सोय असते, तिच्यामागे हीच प्रणाली असते. तेथे राष्ट्रीयत्व, निघण्याचे ठिकाण आणि मधले थांबे भरून उत्तर मिळते. मधले थांबे भरायला विसरलात तर उत्तर चुकीच्या प्रश्नाचे मिळते.

तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळाले तर पुढे जावे. तफावत दिसली तर जे उत्तर अधिक कडक आहे ते खरे धरून बेत आखावा, किंवा दूतावासाला मार्ग आणि तारखांसह लेखी विचारून उत्तर येईपर्यंत तिकीट घेऊ नये. पाहिलेल्या प्रत्येक पानाची तारखेसह प्रत काढून ठेवावी. रोगाची साथ आली की एखादा देश धोक्याच्या यादीत नव्याने येतो, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मित्राने केलेला प्रवास हा पुरावा होत नाही.

एक उदाहरण, चार जणांचे

हे सारे एका कुटुंबावर लावून पाहू. पती, पत्नी, 10 एप्रिलला जन्मलेले बाळ आणि 66 वर्षांच्या आजी. ते राहतात त्या देशात पीतज्वर नाही. त्यांना डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गला जायचे आहे. पडद्यावर तीन तिकिटे आहेत. पहिले नैरोबीमार्गे, 20 डिसेंबरला तेथे उतरून तीन रात्री मुक्काम आणि 23 डिसेंबरला पुढे. दुसरे अदिस अबाबामार्गे, 14 तास 20 मिनिटांचा थांबा. हे सर्वांत स्वस्त. तिसरे दोहामार्गे, काहीसे महाग. परतीचा प्रवास तिन्हीत त्याच वाटेने, 4 जानेवारीला.

दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या धोक्याच्या देशांतून येणाऱ्या 1 वर्ष व त्याहून अधिक वयाच्या प्रवाशांकडे प्रमाणपत्र मागते, आणि अशा देशाच्या विमानतळावर 12 तासांहून अधिक थांबलेल्यांनाही हीच अट लावते. केनिया आणि इथिओपिया हे दोन्ही धोक्याच्या यादीतले देश आहेत, कतार नाही. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या तिकिटावर तिन्ही मोठ्यांना प्रमाणपत्र लागेल, तिसऱ्यावर कोणालाच लागणार नाही. अदिस अबाबाचाच थांबा तीन तासांचा असता आणि ते विमानतळाबाहेर पडले नसते, तर दक्षिण आफ्रिकेच्या अटीतून तेही सुटले असते. पण त्यांचा स्वतःचा देश परतताना थांब्याचे तास मोजतो की नाही, हे तेव्हाही वेगळे पाहावेच लागले असते.

पहिल्या तिकिटात एक विसंगती दिसते आणि तीच समजून घेण्यासारखी आहे. पीतज्वर नसलेल्या देशातून थेट येणाऱ्या या कुटुंबाकडे केनिया स्वतः प्रमाणपत्र मागत नाही. मुक्काम केवळ नैरोबी शहरापुरता असेल, तर प्रवासवैद्यकाचे तज्ज्ञही सहसा लस सुचवत नाहीत. एवढे वाचून कोणीही निश्चिंत होईल. तरीही 23 डिसेंबरला जोहान्सबर्गच्या आरोग्य तपासणीच्या टेबलासमोर हे कुटुंब केनियातून आलेले म्हणूनच उभे राहील, आणि नैरोबीत एकही डास चावला नसला तरी त्याने काही फरक पडणार नाही.

आता माणसांकडे येऊ. पतीने 2012 मध्ये कामानिमित्त लस घेतली होती आणि त्यांच्या पुस्तिकेत वैधता 2022 पर्यंत लिहिलेली आहे. ती मुदत संपलेली दिसते, पण 2016 च्या बदलानंतर जुनी प्रमाणपत्रेही आजीवन वैध झाली आहेत. त्यांना पुन्हा लस घेण्याची गरज नाही, आणि ती जुनी तारीख खोडून ‘आजीवन’ असे स्वतःच्या हाताने लिहिण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण खाडाखोड झालेले प्रमाणपत्र अमान्य ठरू शकते. दरम्यान त्यांचा पासपोर्ट बदलला आहे. पुस्तिकेत जुन्या पासपोर्टचा क्रमांक असेल, तर जुना पासपोर्टही सोबत ठेवणे हा सोपा उपाय आहे.

पत्नीने लस घेतलेली नाही. जोहान्सबर्गला 23 डिसेंबरला पोहोचायचे तर लस अगदी उशिरात उशिरा 13 डिसेंबरला घ्यावी लागेल. कागदावर ते बसते, पण मी इतके ताणून धरणार नाही. ही लस नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. एका बाटलीत अनेक मात्रा असतात आणि ती उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून बरीच केंद्रे ठरावीक वारी, पुरेसे लोक जमवून लस देतात. त्यात एखादी वारी चुकली की आठवडा जातो. शिवाय ही जिवंत विषाणूची लस आहे : गोवर-रुबेलासारखी दुसरी जिवंत लस नुकतीच घेतलेली असेल, तर सहसा दोन्ही एकाच दिवशी किंवा चार आठवड्यांच्या अंतराने देतात. म्हणून तिकीट निश्चित करण्याआधी केंद्राला फोन करून उपलब्ध तारीख विचारावी, आणि मिळणारी तारीख पोहोचण्याच्या किमान तीन आठवडे आधीची असेल तरच हा मार्ग धरावा, असे माझे मत आहे.

बाळाचे उत्तर वेगळे. 23 डिसेंबरला ते 8 महिने 13 दिवसांचे असेल. दक्षिण आफ्रिकेची अट त्याला लागू होत नाही, आणि 9 महिन्यांच्या आत ही लस एरवी दिलीही जात नाही. पण परतीच्या देशाची वयोमर्यादा 9 महिने असेल तर 4 जानेवारीची तारीख महत्त्वाची ठरते. त्या दिवशी बाळ 8 महिने 25 दिवसांचे असेल आणि सुटेल. सुट्टी आठवडाभर वाढवून 11 जानेवारीला परतले, तर नऊ महिने पूर्ण झालेले असतील. लहान मुलांचे वय तिकीट काढण्याच्या दिवशीचे धरायचे नसते. प्रत्येक सीमा ओलांडण्याच्या दिवशी ते नव्याने मोजावे लागते.

आजींच्या बाबतीत मात्र मी मार्ग बदलण्याचाच आग्रह धरीन. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणाम, दुर्मीळ असले तरी, तरुणांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतात, आणि म्हणून डॉक्टर त्या वयात धोका व लाभ तोलून पाहतात. जिथे रोगाचा धोका खरोखर मोठा आहे तिथे जायचे असेल तर तोल लसीच्या बाजूने जाऊ शकतो. केवळ स्वस्त तिकिटाचा विमानतळावरचा थांबा मान्य व्हावा म्हणून, ज्या रोगाशी गाठ पडण्याची शक्यता जवळजवळ नाही त्याची लस 66 व्या वर्षी टोचून घेणे मला पटत नाही. दोहामार्गाचे जास्तीचे पैसे येथे सत्कारणी लागतात.

डॉक्टरांकडून सूट मिळवण्याचा रस्ताही आहे. तीव्र अंडी-ॲलर्जी, प्रतिकारशक्ती खूप कमी करणारा आजार किंवा उपचार, थायमस ग्रंथीचे विकार अशी कारणे असतील तर डॉक्टर लस देऊ नये असे लेखी मत देऊ शकतात. ते इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये, सही आणि केंद्राच्या शिक्क्यासह असावे. सीमेवरील अधिकाऱ्यांनी हे मत विचारात घ्यायचे असते. पण त्यामुळे आत सोडतीलच असे नाही, सोडले तरी सहा दिवस देखरेखीखाली ठेवू शकतात. त्यामुळे असे पत्र घेऊन निघायचे असेल, तर ते चालेल का हे त्या देशाच्या दूतावासाला तिकिटाआधी विचारावे. नुसते वय साठीपुढचे आहे, हे कारण खबरदारीचे आहे. लस पूर्ण निषिद्ध ठरवणारे ते नाही, आणि प्रत्येक डॉक्टर तेवढ्यावर पत्र देईलच असे नाही.

हाती असलेले प्रमाणपत्र वाचणे

घरात जुनी पिवळी पुस्तिका असेल तर ‘आमच्याकडे आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. ती उघडून शांतपणे वाचावी. ‘इंटरनॅशनल सर्टिफिकेट ऑफ व्हॅक्सिनेशन ऑर प्रोफिलॅक्सिस’ असे तिचे पूर्ण नाव आहे, आणि तिचा नमुना आंतरराष्ट्रीय नियमावलीनेच ठरवून दिला आहे. वरच्या भागात नाव, जन्मतारीख, लिंग, राष्ट्रीयत्व आणि धारकाची सही असते. नाव पासपोर्टवर आहे तसेच हवे. लग्नानंतर बदललेले आडनाव किंवा वडिलांच्या नावाचा मागेपुढे झालेला क्रम येथे अडचण करू शकतो. पुस्तिका एका व्यक्तीची असते. लहान मुलाचेही स्वतंत्र प्रमाणपत्र लागते आणि ज्याला सही करता येत नाही त्याच्या वतीने आई, वडील किंवा पालक सही करतात.

खालच्या तक्त्यात रोगाचे नाव, तारीख, लस देणाऱ्याची सही व पद, लसीचा उत्पादक आणि बॅच क्रमांक, वैधता आणि केंद्राचा शिक्का असे रकाने असतात. तारखेत महिना अंकात न लिहिता अक्षरांत लिहायचा असतो, आणि त्याचे कारण साधे आहे : 04/03 हे काही देशांत चार मार्च तर काहींत तीन एप्रिल वाचले जाते, आणि दहा दिवसांचा हिशेब त्यावर उभा असतो. सर्वांत जास्त सुटणारी गोष्ट म्हणजे डॉक्टरांची हाताची सही. केंद्रावर गर्दी असते, परिचारिका लस देते, कोणीतरी ठसठशीत शिक्का मारते आणि सहीची जागा कोरी राहते. नियमावलीत स्पष्ट म्हटले आहे की शिक्का हा सहीला पर्याय होत नाही. माझ्या एका नातेवाइकांच्या पुस्तिकेत नेमके हेच झाले होते. शिक्का इतका मोठा होता की तो सहीच्या रकान्यावर पसरला होता आणि घरातल्या पाच जणांनी पाहूनही ती जागा रिकामी आहे हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. निघायला महिना होता, म्हणून केंद्रात परत जाऊन नवे प्रमाणपत्र करून घेता आले.

आणखी एक बाब क्वचित लागते पण लागली तर महत्त्वाची आहे. मोठ्या साथींच्या काळात लसीचा साठा पुरवण्यासाठी काही ठिकाणी पूर्ण मात्रेऐवजी अंशमात्रा दिली गेली. ती रोगापासून संरक्षण देते, पण आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीच्या प्रमाणपत्राची अट तिने पूर्ण होत नाही. तशी लस घेतली असेल तर केंद्राला तसे सांगावे.

इतर आजारांचे नियम

पोलिओचा नियम उलट्या दिशेने चालतो. तो तुम्ही कोठे जाणार यापेक्षा कोठून निघणार याला बांधलेला आहे : पोलिओचा प्रसार असलेल्या काही देशांत चार आठवड्यांहून अधिक काळ राहिलेल्यांना तो देश सोडताना, प्रवासाच्या 4 आठवडे ते 12 महिने आधी घेतलेल्या मात्रेची नोंद दाखवावी लागू शकते. ही नोंदही त्याच पिवळ्या पुस्तिकेत होते. अशा देशात महिनाभरापेक्षा मोठा मुक्काम ठरत असेल, तर परतीच्या तारखेआधी चार आठवडे हा हिशेब आजच कागदावर लिहावा. हज आणि उमरासाठी सौदी अरेबिया मेनिंजायटिसच्या चार प्रकारांवरील लसीचे प्रमाणपत्र मागतो, आणि ती पोहोचण्याच्या किमान 10 दिवस आधी घेतलेली असावी लागते. लसीचा प्रकार कोणता यावर त्याची मुदत ठरते, म्हणून प्रकाराचे नाव प्रमाणपत्रावर लिहून घ्यावे. कोविडच्या काळातील लसीकरणाच्या अटी बहुतेक देशांनी काढून टाकल्या आहेत. कॉलराचे प्रमाणपत्र लागते असे अजूनही कोणी सांगते, पण आंतरराष्ट्रीय नियमांतून ती अट 1973 मध्येच गेली.

तिकीट घेताना आणि घेतल्यावर

मार्ग, माणसे आणि तारखा जुळल्या की तिकीट घ्यावे. लस अजून घ्यायची असेल तर तारीख बदलता येणारे तिकीट शक्यतो निवडावे, कारण तापामुळे लस पुढे ढकलली गेली तर दहा दिवसांची गणना तेथूनच सरकते. यानंतरही एक काम उरते. विमान कंपन्या वेळापत्रक बदलतात आणि ‘आपल्या प्रवासात किरकोळ बदल झाला आहे’ असा संदेश पाठवतात. आमच्या घरच्या एका प्रवासात नऊ तासांचा थांबा असाच तेरा तासांचा झाला. तिकीट काढताना प्रमाणपत्र लागत नव्हते, बदलानंतर लागू लागले, आणि संदेशात अर्थातच त्याचा उल्लेख नव्हता. संदेश वाचून लगेच थांब्याचे तास पुन्हा मोजले, म्हणून कंपनीला कळवून आधीच्या वेळेशी जवळचे विमान मागून घेता आले. असा कोणताही संदेश आला की पहिल्या पायरीचा कागद काढावा, बदललेली ओळ दुरुस्त करावी आणि दोन्ही प्रश्न पुन्हा विचारावेत. निघण्याच्या आठवडाभर आधी तिन्ही ठिकाणची माहिती शेवटची एकदा पाहावी.

प्रमाणपत्राच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे आणि लस देणाऱ्या केंद्राचे नाव व बॅच क्रमांक वेगळा लिहून ठेवावा. पुस्तिका हरवली तर याच नोंदींवरून केंद्र दुसरी प्रत देऊ शकते. छायाचित्र मूळ कागदाऐवजी चालेल असे मात्र धरू नये. मूळ पुस्तिका पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत असावी. ती मोठ्या बॅगेत गेली तर उपयोग नाही, कारण आरोग्य तपासणीचे टेबल इमिग्रेशनच्याही आधी असते आणि बॅग हाती येते ती त्यानंतर.